'-कर' काढला की गाव सापडतं का? शिरोडकर आडनावाची पार्श्वभूमी

आडनावाच्या शेवटी 'कर' आलं की आपण सरळ म्हणतो, अमुक गावचे. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं, पण गाव नक्की कुठलं हे शोधायला बसलं की खरी मजा सुरू होते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, हे आडनाव साधारणपणे गाव सोडल्यावर चिकटतं. गावातल्या गावात सगळेच त्या गावचे, मग तिथे कोण कुणाला गावाच्या नावाने ओळखणार? बाहेर गेल्यावर लोक विचारतात कुठले तुम्ही, आणि जे उत्तर येतं तेच पुढे नाव होतं. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झाले. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, पण मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या मूळ गावावरून शाळेत नाव लागलं आंबडवेकर. म्हणजे 'कर'च्या मागे बऱ्याचदा एक जुनं आडनाव दडलेलं असतं, ते घरात कुणाला आठवतंय का हे पहिल्यांदा विचारा.

आता शब्द उलटा कसा फिरवायचा. मालवण, कुडाळ अशा गावांना थेट कर लागतो, काही अडचण नाही. गावाच्या शेवटी 'आ' असेल तर कधी त्याचा 'ए' होतो (बांदा-बांदेकर, वेंगुर्ला-वेंगुर्लेकर) आणि कधी तो गळूनच जातो, जसं सातारा-सातारकर. शेवटची 'ई' पण अशीच जाते, मंगेशीचे मंगेशकर, खानोलीचे खानोलकर, आणि तेंडोलीचे तेंडुलकर होताना तर मधल्या 'ओ'चा 'उ' पण झाला. त्यामुळे नुसता कर काढून नकाशात शोधलं आणि गाव मिळालं नाही तर लगेच हार मानू नका, शेवटी आ, ए, ई लावून परत बघा.

शिरोडकर घ्या. कर काढला, 'आ' लावला, शिरोडा. पण शिरोडे दोन! एक वेंगुर्ला तालुक्यातलं, जिथे 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला, आणि दुसरं गोव्यात फोंडा तालुक्यात, कामाक्षीच्या देवळाचं. आडनावावरून यातलं कुठलं ते कळणं शक्यच नाही, इथे कुलदैवत विचारावं लागतं. घरात कामाक्षी असेल तर कल गोव्याकडे जातो. पण इथेही एक पेच आहे, कामाक्षीचं मूळ ठाणं शिरोड्याचं नाहीच, ते गोव्यातल्याच साष्टी तालुक्यातल्या राय गावचं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा देवी शिरोड्याला आणली. म्हणजे आडनाव शिरोडकर आणि त्याच्याही आधीचं गाव राय, असं होऊ शकतं. मंगेशीचंही तसंच, देव 1560 मध्ये कुठ्ठाळीहून हलवला. आणि याच मंगेशीत दुसरा प्रकार दिसतो, गावावरून मंगेशकर आणि देवळातल्या अभिषेकाच्या कामावरून अभिषेकी, एकाच देवळाच्या आधाराने दोन वेगळी आडनावं.

कामावरून आलेल्यांचं शेपूट वेगळं असतं. 'नीस' म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. चिटणीस पत्रं लिहिणारा, फडणीस फडाचा हिशेब लिहिणारा, पारसनीस फारसी लिहिणारा. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी, त्यांचं मूळ आडनाव चित्रे, पुढे वंशज चिटणीसच झाले. 'दार' तसंच, इनामदार, पोतदार, किल्लेदार. ही पदं गावोगावी असायची म्हणून यातून गाव अजिबात कळत नाही. उलट विणकर आणि गावकर बघा, शेवटी कर आहे पण कुठल्या गावाच्या नावाशी काही संबंध नाही, एक विणणारा आणि दुसरा गावातला मानाचा माणूस. ही दोन मला मुद्दाम सांगायचीत कारण इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात.

आणि एक आडनाव म्हणजे एक घराणं असंही समजू नका, एकाच गावातून वेगवेगळ्या जातींची माणसं बाहेर पडली आणि सगळ्यांना तेच नाव लागलं. म्हणून शेवटी कागदच लागतो. महाराष्ट्रातलं गाव असेल तर तहसील कार्यालयात जुना गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, बऱ्याच मोडीत, तेव्हा वाचणारा सोबत न्या. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला पूर्वज गेले असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत माणसाचं नाव, बापाचं नाव आणि गाव मिळू शकतं. तिथे जाताना आडनावासोबत संशयाची दोन्ही गावं आणि आजोबा-पणजोबांची नावं लिहून न्या, कारण नुसत्या शिरोडकरवर वहीतलं नेमकं पान काढणं फार अवघड जातं.