मार्गस्थ मालाची हानी आणि वाहतूकदाराकडील प्रलंबित दावा

विकत घेतलेला माल वाटेत गहाळ झाला आणि वाहतूकदाराकडे केलेला भरपाईचा दावा वर्षअखेरीस निकाली निघालेला नसला, तर हिशेबात दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात: हानी कोणाची, आणि भरपाई आजच येणे धरता येते का? माल वाहतूकदाराच्या हवाली होताच मालकी खरेदीदाराकडे गेली असेल, तर १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार एरवी जोखीमही त्याचीच असते. माल मिळाला नाही, तरी विक्रेत्याचे देणे उरते.

सुरतेहून इचलकरंजीला १ लाख रुपयांच्या कापडाच्या गाठी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात निघाल्या. भाडे ४,००० रुपये, माल पोहोचल्यावर द्यायचे, असे समजू. गाठी आल्याच नाहीत. कापडावर ५ टक्के जीएसटी लागला असेल, तर हरवलेल्या मालावरच्या ५,००० रुपयांचे क्रेडिट मिळत नाही. म्हणून मार्गहानी खाते १,०५,००० रुपयांनी नावे पडते, तर खरेदी खाते १ लाखाने आणि आधी घेतलेले क्रेडिट ५,००० रुपयांनी जमा होते. ३१ मार्चच्या मालसाठ्यात या गाठी ‘मार्गस्थ माल’ म्हणून राहून जाणे ही नेहमीची चूक असून, त्या यादीतील प्रत्येक बिल्टी एप्रिलच्या आवक नोंदीशी ताडली की ती सापडते.

दावा १ लाखाचा केला म्हणून १ लाख येणे होत नाही. रस्तामार्गे मालवाहतूक कायदा, २००७ आणि त्याखालील २०११ च्या नियमांनुसार, पाठवणाऱ्याने किंवा माल घेणाऱ्याने जादा जोखमीचा वाढीव दर देण्याचे स्पष्टपणे कबूल केलेले नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहापटीपुरती, म्हणजे इथे ४०,००० रुपयांपुरती, राहते. शिवाय माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस दिली नाही, तर दावा कोर्टात टिकत नाही.

३१ मार्चपर्यंत वाहतूकदाराने उत्तर दिले नसेल, तर लेखामानक २९ प्रमाणे हे संभाव्य येणे ताळेबंदात घेता येत नाही. ते जवळजवळ निश्चित झाल्यावरच घेतात. संपूर्ण हानी त्याच वर्षाच्या नफ्यातोट्यात जाते. वाहतूकदाराने जबाबदारी प्रथम २० एप्रिलला मान्य केली, तर ४०,००० रुपये पुढच्या वर्षाचे उत्पन्न ठरतात. मात्र २८ मार्चलाच त्याने जबाबदारी लेखी स्वीकारलेली असेल, त्याची पैसे देण्याची ऐपत असेल आणि एप्रिलमध्ये केवळ रक्कम ठरली असेल, तर ते येणे ३१ मार्चच्या ताळेबंदात घेऊन निव्वळ हानी ६५,००० रुपये दाखवणे योग्य ठरते. लेखापरीक्षकाने म्हणूनच दाव्याच्या अर्जापेक्षा वाहतूकदाराच्या पत्रावरची तारीख आधी पाहावी.

भरपाई मिळण्याची शक्यता बरीच असूनही ती निश्चित नसेल, तर भारतीय लेखामानक ३७ लागू असलेल्या कंपन्या तिचा उल्लेख टिपणांत करतात. लेखामानक २९ मध्ये मात्र तो हिशेबपत्रकांत करायचा नसतो. कंपनीच्या बाबतीत त्याची जागा संचालकांच्या अहवालात असते.