तळे की तळं : लांब सुरावरच्या अक्षराची पार्श्वभूमी

ठाण्यात गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी बसवलेल्या एका समूहगीतात यंदा एका अक्षरावरून दोन संध्याकाळी वाद झाला. ध्रुवपदाची ओळ होती, ‘उन्हात न्हाले अवघे तळे’. चाल केरव्यात होती आणि शेवटचं ‘ळे’ तार गंधारावर एक पूर्ण आवर्तन, म्हणजे जवळपास पाच सेकंद, धरायचं होतं. गाणाऱ्या बहुतेक बायका होत्या, पट्टी काळी चार. पेटीवर सूर बरोबर लागत होता, मोबाइलवरचं सूर दाखवणारं ॲपही बरोबर सांगत होतं, आणि तरीही एकत्र ऐकताना तो स्वर फाटलेला वाटत होता. नौपाड्यातल्या त्या तालमींना मी हजर होतो. त्या वादाच्या मागे काय काय आहे ते इथे मांडतो.

पहिला घोळ शब्दाचाच आहे. मराठीत ‘स्वर’ म्हणजे अ, आ, इ, ई सुद्धा आणि सा, रे, ग, म सुद्धा. त्यामुळे ‘स्वर मोकळा लागत नाहीये’ असं संगीतकार म्हणाला की गायिका सुराकडे बघते, कवी अक्षराकडे बघतो आणि दोघं वेगवेगळी दुरुस्ती करायला लागतात. जुन्या व्याकरणात यासाठी नेमके शब्द होते. तोंड उघडं राहतं तो विवृत, आवळलं जातं तो संवृत. संस्कृतातल्या सर्वांत नावाजलेल्या व्याकरणाचं शेवटचं सूत्र तर दोनच अक्षरांचं आहे : ‘अ अ’. अर्थ असा की, नियम सांगताना सोयीसाठी ‘अ’ विवृत धरला, पण बोलताना तो संवृतच समजावा. म्हणजे ‘अ’ लांबवला की आपोआप ‘आ’ होतो हा समज तेव्हाही चालत नव्हता. गाताना तो ‘आ’ करावा लागतो, जबडा उघडून. हे पुढे ‘तळं’च्या वेळी कामाला येईल.

आपल्या शाळांमध्ये मात्र ऱ्हस्व-दीर्घाची जोडी राहिली आणि विवृत-संवृताची गळून पडली. म्हणून आजही गीतलेखनाच्या कार्यशाळेत सांगतात, ‘लांब सुरावर दीर्घ अक्षर ठेवा’. सल्ला अर्धाच आहे. ‘री’ही दीर्घ आणि ‘रा’ही दीर्घ, पण तार गंधारावर त्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तो फरक असा. तोंडाच्या पोकळीला स्वतःचा एक घुमारा असतो आणि तो अक्षरागणिक बदलतो. ‘ई’ आणि ‘ऊ’ म्हणताना पहिला घुमारा साधारण 300 ते 400 हर्ट्झच्या आसपास असतो, बाईच्या आवाजातल्या ‘ए’चा 500च्या आगेमागे आणि ‘आ’चा 800च्या पुढे. आता काळी चारचा तार षड्ज सुमारे 415 हर्ट्झवर येतो आणि तार गंधार 520च्या आसपास. म्हणजे बाई तार षड्जावर पोचली की सूर ‘ई’च्या घुमाऱ्याच्या वर निघून जातो. आवाजाला पोकळीची साथ मिळत नाही, तो बारीक होतो. मग एक तर ती गळ्याने दाबते, नाही तर नकळत जबडा खाली सोडते आणि ‘ई’ची ‘ए’ होते. तार गंधारावर तीच पाळी ‘ए’वर येते. पुरुष काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा तार षड्ज 277 हर्ट्झच्या जवळ असतो, त्यामुळे त्याला ही अडचण तार षड्जावर तरी भेटत नाही. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांची ‘जी जी’ म्हणूनच चढ्या सुरातही खणखणीत लागते. शिवाय ‘ई’चा दुसरा घुमारा खूप वर असल्याने तिला धार असते, ती डफाच्या आवाजातूनही कापत जाते. ‘ई वाईट, आ चांगला’ असं सरसकट सांगणाऱ्यांनी झीलकऱ्यांना एकदा ऐकावं.

रंगभूमीवर 1880 नंतर संगीत नाटक रुळलं तेव्हा पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असायची. चाल आधी, शब्द नंतर. ध्वनिवर्धक नव्हते, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा होता आणि त्या काळी स्त्रीभूमिका करणारे नटही पुरुषच होते. संबोधनं तेव्हा फार उपयोगी पडत. देवा, मना, सखया : मराठीत हाक मारली की बहुतेक वेळा ‘आ’ मिळतो.

मायक्रोफोन आला आणि हे सगळं सैल झालं. ओठांपासून चार बोटांवर माईक असेल तर ‘मी’, ‘तू’, ‘ती’ हे शब्द हळुवार आवाजात कितीही लांबवता येतात. भावगीताची जवळीक बरीचशी या तीन सर्वनामांवर उभी आहे, आणि तिन्ही आवळलेल्या स्वरांची आहेत. एकट्या गायिकेच्या ध्वनिमुद्रणात ते शोभतं. समूहाला तीच गोष्ट वर चढवून, उघड्या रस्त्यावर, टेम्पोवरच्या भोंग्यांतून म्हणायला लावली की बिघडते.

आजच्या पद्धतीने यात आणखी एक भर घातली आहे आणि माझ्या मते खरी खोट तिथे आहे. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून एखाद्या खोलीला फोम लावून केलेले घरगुती स्टुडिओ आता पुष्कळ आहेत. संगीतकार तिथे चाल करतो ती ‘ला ला ला’वर. तो कच्चा ट्रॅक, म्हणजे डमी, गीतकाराला व्हॉट्सॲपवर येतो. प्रत्येक सूर ‘आ’वर पारखलेला असतो, म्हणून प्रत्येक सूर सोपा वाटतो. मग गीतकार त्या जागी ‘नगरी’ लिहितो किंवा ‘तळे’ लिहितो, आणि बिघाड कळतो तो थेट तालमीत. सूर सुधारणारं सॉफ्टवेअर सूर जागेवर आणून देतं, आवळलेलं तोंड उघडून देत नाही. यावर उपाय साधा आहे. डमी गाताना लांब जागा एकदा ‘ली’वर आणि एकदा ‘लू’वर गाऊन बघायची, आणि जिथे गळा अडतो तिथे गीतकाराला खूण करून द्यायची. आमच्या संगीतकाराने ते केलं नव्हतं. मी मागितलंही नव्हतं.

आता ‘तळे’. तालमीत तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी नेमकं दुखणं सांगितलं : “अहो, ‘तळे’ म्हणायला जाते आणि हनुवटी आपोआप खाली जाते. मग ते ‘तळॅ’ होतं. शेजारच्या वहिनी हट्टाने ‘ळे’च धरतात. आम्ही दोघी एकाच सुरात, पण दोन वेगळी अक्षरं गातोय.” ॲपला जे दिसत नव्हतं ते हेच होतं. सूर एक, घुमारे चार. मग मी मोबाइलवर फक्त तो लांब सूर मुद्रित केला, आधीचे शब्द कापून टाकले आणि दारात उभ्या असलेल्या, गाणं न ऐकलेल्या एका मुलाला विचारलं की हे कुठलं अक्षर आहे. तो म्हणाला, “या?” अशी परीक्षा कुणालाही घेता येते आणि ती फसवत नाही.

यावर गाणाऱ्यांनी सुचवलं : ‘तळं’ म्हणू या, घरात तसंच म्हणतो. गीतकार अडून बसले : छापील रूप ‘तळे’ आहे. या अडून बसण्याला इतिहास आहे. पूर्वी लिहीत ‘तळें’, ‘केलें’, डोक्यावर अनुस्वार देऊन. 1962च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले आणि नपुंसकलिंगी एकवचनाचं प्रमाण रूप ‘तळे’, ‘केले’ असं उरलं. त्याच नियमांत सवलतही आहे : पात्राच्या तोंडी किंवा ‘तत्सम अन्य प्रसंगी’ बोलण्याप्रमाणे ‘असं केलं’ लिहायला हरकत नाही. गाणं हा ‘तत्सम प्रसंग’ आहे की नाही? गाणं तोंडानेच म्हटलं जातं, तेव्हा मला तरी त्यात शंका वाटत नाही. पण गाण्याची पुस्तिका छापली जाते, ती शाळांत वाटली जाते, आणि छापणारे ‘तळं’ला अशुद्ध समजतात. गेल्या साठ वर्षांत किती ओळी गळ्याला नको असताना ‘ए’वर थांबल्या असतील, याचा विचार मी अलीकडे करतो.

तरीही ‘तळं’ने आमचं काम झालं नाही, आणि त्यात गीतकारांचा हट्ट हे एकच कारण नव्हतं. पुढच्या ओळींची यमकं ‘मळे’ आणि ‘कळे’ अशी होती. ‘तळे’चं बोलीत ‘तळं’ होतं, पण ‘मळे’ हे ‘मळा’चं अनेकवचन, त्याचं ‘मळं’ होत नाही. ‘कळे’ क्रियापद, त्याचंही नाही. कागदावर एकसारखे दिसणारे तीन ‘ए’ बोलताना एका जातीचे नाहीत. एक बदलला की यमकाची साखळीच तुटते. आणि वर सांगितलेला ‘अ’चा गुण आड आला तो वेगळाच : पाच सेकंद धरलेलं ‘तळं’ अर्ध्या जणींनी ‘तळां’पर्यंत उघडलं, अर्ध्यांनी नाकात नेलं.

शेवटी शब्दच बदलायचं ठरलं. मराठीत ‘आ’वर उतरणारी ठिकाणं बरीच आहेत : वारा, सोहळा यांसारखी पुल्लिंगी नामं, -ला प्रत्यय, संबोधन, आणि वाटा, लाटा, माळा यांसारखी स्त्रीलिंगी अनेकवचनं. पहिला प्रस्ताव आला ‘उन्हात न्हाल्या तळ्याच्या लाटा’. लगेच कुणीतरी विचारलं, ठाण्याच्या तलावपाळीतल्या तळ्याला लाटा कुठून आल्या? आक्षेप रास्त होता. गळ्याची सोय म्हणून खोटं चित्र लिहायचं नाही, यावर गीतकार ठाम राहिले आणि तेवढ्यापुरते तेच बरोबर होते. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनीच ओळ आणली : ‘उन्हात न्हाल्या तळ्याच्या वाटा’. तळ्याभोवतीचा रस्ता, यात्रा तिथूनच जायची. ‘टा’ सोयीचा, कारण ‘ट’ला जीभ टाळूवर आपटते आणि लगेच मोकळी होते. सगळ्या जणी एकाच क्षणी ‘आ’वर येतात.

त्यासाठी ध्रुवपदाची दुसरी ओळ नव्याने लिहावी लागली. ‘मळे’ आणि ‘कळे’ मात्र अंतऱ्यात आपसातलं यमक म्हणून तसेच राहिले. तिथे चाल मध्य पंचमावर, म्हणजे सुमारे 311 हर्ट्झवर थांबते, आणि त्या उंचीवर ‘ए’ला कुणाचीच हनुवटी खाली जात नव्हती.