अक्षरं कोण काढतो?

गेल्या जत्रेला आमच्या पेडण्याकडच्या गावात दशावतार झाला आणि त्यातल्या परशुरामाच्या आख्यानाचा चाळीस मिनिटांचा तुकडा मी मोबाईलवर टिपला. दशावतारातले संवाद बहुतेक रंगमंचावरच सुचतात, संहिता हातात नसते. त्यामुळे रेकॉर्डिंग ऐकत एकेक वाक्य उतरवून घ्यावं लागलं. हा खटाटोप दोघांसाठी होता. मावशीला ऐकू कमी येतं, तिला मराठी अक्षरं हवी होती. भाचा मस्कतला असतो आणि त्याच्या मुलांना मराठी कळतं जेमतेम, त्यांना इंग्रजी.

सबटायटल द्यायच्या दोन रीती आहेत. एक तर अक्षरं व्हिडिओच्या चित्रातच मिसळून टाकायची, याला बर्न करणं म्हणतात. किंवा मजकूर फाइलमध्ये वेगळ्या ट्रॅकवर ठेवायचा, बघणाऱ्याने हवा तर लावावा, नको तर बंद करावा. दोन भाषा होत्या म्हणून मी अर्थातच वेगळे ट्रॅक केले, पेनड्राइव्ह मावशीच्या टीव्हीला लावला आणि मोठ्या तोऱ्यात मराठी ट्रॅक चालू केला. मावशी दोन मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, “अरे, हे मराठी कुठलं? ‘दविशी’ म्हणजे काय?”

माझ्या फाइलमध्ये तर असं होतं:

```
214
00:17:42,300 --> 00:17:45,800
दुसऱ्या दिवशी मी पुन्हा येईन,
तेव्हा ही कुऱ्हाड पाहा.
```

वेगळ्या ट्रॅकमध्ये एवढंच असतं: क्रमांक, कधी दिसायचं नि कधी जायचं ती वेळ, आणि मजकूर. अक्षराचा आकार त्यात कुठेच नाही. तो आकार काढतो बघणाऱ्याचा टीव्ही, फोन किंवा प्लेअर, तेही त्या क्षणी, त्याच्याकडे जो फॉण्ट आणि जी अक्कल असेल तिच्या जोरावर. बर्न करताना हेच काम माझा संगणक एकदाच करतो आणि पुढे सगळीकडे फक्त चित्र जातं. दोन्ही रीतींमधले बाकीचे फरक या एका गोष्टीतून निघतात.

रोमन लिपीत हा फरक फारसा जाणवत नाही, कारण अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम झालं. देवनागरीचं तसं नाही. ‘दिवशी’ हा शब्द संगणकात उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: द, मग ऱ्हस्व इकार, मग व. कागदावर मात्र ती वेलांटी द च्या आधी काढायची असते. म्हणजे कुणीतरी क्रम उलटा करून दाखवायला हवा. ‘पुन्हा’मध्ये न, हलन्त आणि ह असे तीन वेगळे संकेत असतात, त्यांचं एक जोडाक्षर करायला हवं. या कामाला शेपिंग म्हणतात. ज्या प्लेअरमध्ये ते नाही तो साठवलेल्या क्रमानेच ठसे उमटवत जातो. द उमटतो, मग वेलांटी, मग व. वेलांटी आपसूक व च्या डोक्यावर बसते आणि ‘दविशी’ तयार होतं. ‘पुन्हा’चं ‘पुन्‌हा’ होतं. ‘दुसऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा र तर आपल्या मराठीत लागतो, हिंदीत नाही. हिंदीपुरताच विचार करून बनवलेल्या फॉण्टमध्ये त्याचीच पंचाईत होते, म्हणून टीव्ही तपासायला मी आता हीच २१४ क्रमांकाची ओळ लावतो.

बिघाड कुठे आहे ते पडद्याकडे बघूनच सांगता येतं. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर त्या यंत्रात देवनागरी फॉण्टच नाही. `à¤¦` असला रोमन कचरा दिसला तर फॉण्टचा दोष नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं, आणि प्लेअर त्या तीन बाइटना तीन स्वतंत्र रोमन चिन्हं समजून वाचतोय. प्लेअरमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडलं की हे सुधारतं. आणि अक्षरं सगळी ओळखीची, फक्त वेलांट्या सरकलेल्या आणि जोडाक्षरं सुटलेली असतील, तर शेपिंग नाही. याला बघणाऱ्याच्या हातात इलाज नाही, टीव्हीचं सॉफ्टवेअर बदललं तरच. तीच फाइल मी लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये लावली तर अक्षरं अगदी सुबक दिसत होती.

एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये फॉण्टही सोबत बांधून देता येतो. पण बरेच टीव्ही त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि फॉण्ट मिळाला तरी शेपिंग करणारा हवाच.

तेव्हा मावशीसाठी बर्न करणं आलं. मी ffmpeg नावाचा प्रोग्रॅम वापरतो, त्यात ते एका आज्ञेत होतं:

```
ffmpeg -i natak.mp4 -vf "subtitles=mr.srt:force_style='FontName=Noto Sans Devanagari,FontSize=22'" -c:v libx264 -crf 20 -c:a copy natak-mr.mp4
```

यात एक छुपा खड्डा आहे. फॉण्टचं नाव चुकलं किंवा तो संगणकावर नसला तर ffmpeg अडत नाही, गुपचूप दुसराच फॉण्ट उचलतो. चालू असताना जो मजकूर सरकत जातो त्यात `fontselect` अशी ओळ येते, तिच्यात खरोखर कुठला फॉण्ट घेतला ते दिसतं. ती न वाचता मी एकदा पूर्ण फाइल बनवली आणि मग कपाळावर हात मारला.

पूर्ण फाइल बनवायला वेळ किती लागतो? चाळीस मिनिटं, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे ६०,००० चित्रं. अक्षरं येतात फक्त खालच्या पट्टीत, पण संगणकाला प्रत्येक चित्र उलगडून, त्यावर अक्षरं रंगवून, सगळंच्या सगळं पुन्हा दाबून बसवावं लागतं. व्हिडिओतली बरीचशी चित्रं ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ एवढंच सांगत असतात. मधल्या एकाला हात लावला की त्याच्यावर टेकलेली पुढची सगळी हलतात, म्हणून तेवढीच पट्टी बदलून बाकी तसंच ठेवणं साध्या मार्गाने जमत नाही.

दाबून बसवताना काही तपशील कायमचा जातो. रात्रीच्या मांडवातलं रेकॉर्डिंग आधीच दाणेदार, त्यात ही दुसरी दाब. आज्ञेतला `-crf` हा आकडा किती दाबायचं ते ठरवतो. लहान आकडा म्हणजे चित्र चांगलं आणि फाइल मोठी. काही न सांगितल्यास २३ धरला जातो, मी २० ठेवतो. अक्षरांची कड हा दाबणाऱ्या गणिताचा नावडता भाग. काळ्यातून एकदम पांढरं होणारी तीक्ष्ण रेघ सांगायला जास्त माहिती लागते. ती छाटली गेली की अक्षराभोवती भुंगे फिरल्यासारखे ठिपके दिसतात. चित्र थांबवून मोठं करून पाहिलं की ते लगेच नजरेत भरतात.

रंगाचं आणखी निराळं. नेहमीच्या व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याला असते, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच. आपल्या डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो, त्याचा हा फायदा घेतलेला. पहिल्या खेपेला मी हौसेने लाल अक्षरं केली होती, मंडळाच्या बॅनरसारखी. लाल रंगात उजेड कमी, सगळी मदार रंगावर, आणि रंग चार ठिपक्यांत पसरलेला. काळोख्या मांडवावर ती अक्षरं पाण्यात पडलेल्या कुंकवासारखी दिसली. पांढरं अक्षर आणि भोवती काळी रेघ ही जोडी सगळीकडे दिसते ती याचमुळे, तिचा सगळा आकार उजेडातच असतो.

वेगळ्या ट्रॅकला यातलं काहीच भोगावं लागत नाही. दोन भाषांचे ट्रॅक घालायची आज्ञा अशी:

```
ffmpeg -i natak.mp4 -i mr.srt -i en.srt -map 0:v -map 0:a -map 1 -map 2 -c copy -metadata:s:s:0 language=mar -metadata:s:s:1 language=eng natak.mkv
```

`-c copy` म्हणजे चित्राला हात न लावता उचलून ठेवणे. म्हणून बर्न करायला जिथे लॅपटॉप तापत बसतो, तिथे हे काम डिस्कवर फाइल नकलायला लागेल तेवढ्या वेळात उरकतं. माझं मूळ रेकॉर्डिंग सेकंदाला सुमारे दोन एमबी धरलं तर ४.८ जीबीचं. पाचशे ओळींचा मराठी ट्रॅक शंभर केबीच्या आसपास. आणखी दहा भाषा घातल्या तरी फाइल वाढलेली कळणार नाही.

या दोन्हींच्या मधलीही एक वाट आहे आणि ती जुनी आहे. डीव्हीडीवर सबटायटल मजकूर म्हणून नसतात. बनवणाऱ्याने अक्षरं आधीच काढून त्यांची छोटी चित्रं केलेली असतात आणि ती चित्रं वेगळ्या ट्रॅकवर ठेवलेली असतात. असे ३२ ट्रॅक मावतात. प्लेअरने फक्त चित्रावर चित्र ठेवायचं. शेपिंगचा प्रश्न मिटला आणि बंद करायची सोयही राहिली. ब्लू-रेवरही हेच तत्त्व. पणजीला इफ्फीत जे चित्रपट बघतो त्या डिजिटल सिनेमाच्या पॅकेजमध्ये तर दोन्ही मुभा आहेत: मजकूर आणि त्यासोबत फॉण्ट, नाहीतर प्रत्येक संवादाचं तयार चित्र. मावशीच्या टीव्हीवर मी हा प्रयोग करून पाहिला, पण एमकेव्हीतला असा चित्रांचा ट्रॅक त्याने यादीतच दाखवला नाही.

भाच्याला natak.mkv पाठवली ती ड्राइव्हवरून. कुटुंबाच्या ग्रुपवर मात्र व्हॉट्सॅप आलं आणि तिथे वेगळ्या ट्रॅकचा उपयोग नाही, बघणाऱ्याला तो लावायची सोयच नसते. ग्रुपसाठी दोन मिनिटांचा तुकडा इंग्रजी अक्षरं बर्न करूनच टाकला, थोडी मोठी करून, कारण व्हॉट्सॅप पाठवताना स्वतःची आणखी एक दाब देतं.

बर्न केलेली मराठी फाइल मावशीने शेवटपर्यंत पाहिली. दुसऱ्या दिवशी फोन आला.

“सगळं वाचता आलं रे. पण रेणुकेचं ‘शिर’ उडवलं म्हणायचं होतं ना? तू दीर्घ लिहिलंयस. ‘शीर’ म्हणजे हाताची नस.”

भाच्याकडे मी दुरुस्त केलेली mr.srt तेवढी पाठवली. “मामा, तीच व्हिडिओशेजारी ठेवून लावली, झालं,” असा त्याचा लगेच निरोप. मावशीच्या फाइलसाठी मूळ रेकॉर्डिंग पुन्हा काढलं. नशीब, ते पुसलं नव्हतं, नाहीतर त्या एका वेलांटीवर काळी पट्टी मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आज्ञा दिली, `fontselect` ची ओळ यावेळी नीट वाचली, आणि साठ हजार चित्रं पुन्हा रंगायला लावून जेवायला बसलो.