डिस्काउंटचा स्लॅब आणि टॅक्सचा स्लॅब: फॉर्म्युला सारखाच दिसतो, पण हिशेब वेगळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब बघतो. आमच्या एक्सेलमध्ये व्यापाऱ्यांच्या डिस्काउंटची एक शीट आहे. महिन्याची खरेदी १ लाखापासून असेल तर २ टक्के, ३ लाखांपासून ४ टक्के, ५ लाखांपासून ६ टक्के, आणि तेही पूर्ण बिलावर. खरेदीचा आकडा टाकला की VLOOKUP दर काढून देतं, त्याने बिलाला गुणायचं, झालं. वर्षानुवर्षं ती शीट बिनबोभाट चालली आहे.

मार्चमध्ये आमचे प्लँट मॅनेजर टेबलाशी आले. "पन्नास हजारांची वाढ देतायत म्हणे. पण मी वीस टक्क्यांत जातोय. नको म्हणून सांगू का शेठना?"

कुणीतरी त्यांना शीट करून दिली होती. उघडून बघितली तर आमच्याच डिस्काउंट शीटची नक्कल. फक्त खरेदीच्या जागी करपात्र उत्पन्न, आणि डिस्काउंटच्या जागी २०२५-२६ चे नव्या करप्रणालीचे दर.

```
=B2*VLOOKUP(B2,$F$2:$H$8,3,TRUE)
```

७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन वजा जाता त्यांचं करपात्र उत्पन्न १५,८०,००० होतं, वाढीनंतर १६,३०,००० झालं असतं. शीट आधीचा टॅक्स २,३७,००० दाखवत होती आणि नंतरचा ३,२६,०००. पन्नास हजार मिळवायला एकोणनव्वद हजार भरायचे! माणूस घाबरणारच की.

या फॉर्म्युल्यातला VLOOKUP चुकलेला नाही. शेवटच्या TRUE मुळे ते उत्पन्नाइतका किंवा त्याच्या लगत खालचा आकडा शोधतं. १६,३०,००० हा आकडा तक्त्यात नाही, म्हणून १६,००,००० ची ओळ पकडली आणि २० टक्के काढून दिले. दर बरोबर आहे. चूक आहे ती तो दर सगळ्या उत्पन्नाला लावण्यात.

डिस्काउंटमध्ये तसं लावणं बरोबर असतं, कारण तिथे उडी मुद्दाम ठेवलेली असते. २,९५,००० च्या खरेदीवर ५,९०० रुपये सुटतात आणि ३,००,००० वर १२,०००. म्हणूनच महिनाअखेरीला व्यापारी "अजून दोन गठ्ठे टाका" म्हणून फोन करतो. टॅक्समध्ये मात्र प्रत्येक दर फक्त आपल्या टप्प्यातल्या रुपयांना लागतो. उत्पन्न १६ लाखांच्या पुढे गेलं म्हणून पहिल्या १६ लाखांचा टॅक्स बदलत नाही.

म्हणून टॅक्सच्या तक्त्याला एक जादा रकाना लागतो: त्या ओळीपर्यंत पोहोचेतो साचलेला टॅक्स.

| इथून पुढे (F) | साचलेला टॅक्स (G) | पुढच्या रुपयांचा दर (H) |
|---|---|---|
| ० | ० | ०% |
| ४,००,००० | ० | ५% |
| ८,००,००० | २०,००० | १०% |
| १२,००,००० | ६०,००० | १५% |
| १६,००,००० | १,२०,००० | २०% |
| २०,००,००० | २,००,००० | २५% |
| २४,००,००० | ३,००,००० | ३०% |

मधला रकाना हाताने भरू नका. G2 मध्ये शून्य टाका, G3 मध्ये खालचा फॉर्म्युला लिहून तो शेवटपर्यंत ओढा:

```
=G2+(F3-F2)*H2
```

आणि टॅक्सचा फॉर्म्युला असा:

```
=VLOOKUP(B2,$F$2:$H$8,2,TRUE)
 +(B2-VLOOKUP(B2,$F$2:$H$8,1,TRUE))
 *VLOOKUP(B2,$F$2:$H$8,3,TRUE)
```

तिन्ही VLOOKUP एकाच ओळीवर जातात. पहिलं साचलेला टॅक्स आणतं, दुसरं ओळीची सुरुवात, तिसरं दर. मॅनेजरसाहेबांचा हिशेब मी त्यांच्यासमोरच मांडला. आधी ६०,००० अधिक ३,८०,००० चे १५ टक्के, म्हणजे १,१७,०००. वाढीनंतर १,२०,००० अधिक ३०,००० चे २० टक्के, म्हणजे १,२६,०००. जादा टॅक्स ९,०००, त्यावर ४ टक्के सेस धरून ९,३६०. पन्नास हजारांतले ४०,६४० हातात राहतात. ते काही न बोलता शेठच्या केबिनकडे गेले.

एखादी शीट यातल्या कुठल्या जातीची आहे हे ओळखायला मी तिला दोनच आकडे घालतो: १५,९९,९९९ आणि १६,००,०००. नक्कल केलेल्या शीटमध्ये या एका रुपयाने टॅक्स २,४०,००० वरून ३,२०,००० वर गेला. खऱ्या शीटमध्ये दोन्हीकडे १,२०,०००च येतात, पैशांचा फरक सोडून. बरोबर १६ लाखांना नियमाने १५ टक्केच लागतात आणि VLOOKUP २० टक्क्यांची ओळ पकडतं, तरी काही बिघडत नाही, कारण त्या ओळीवरची जादा रक्कम शून्य असते. डिस्काउंटमध्ये मात्र "३ लाखांपासून" की "३ लाखांच्या वर" हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर भांडण ठरलेलं.

तक्ता मांडतानाही चुका होतात. सरकारी तक्त्यात "४ लाखांपर्यंत" असं लिहिलेलं असतं, म्हणून बरेच जण पहिल्या रकान्यात वरची मर्यादा टाकतात. मग १५,८०,००० ला १२ लाखांची ओळ मिळते, तिच्यासमोर १० टक्के असतात आणि माणूस एक स्लॅब खाली घसरतो. सुरुवातीची शून्याची ओळ विसरली तर चार लाखांच्या आतल्याला #N/A येतं. TRUE च्या जागी FALSE टाकलं तर जवळपास सगळ्यांनाच #N/A. पण हे दिसतं तरी. ओळी चढत्या क्रमाने नसतील तर VLOOKUP तक्रार न करता काहीही उत्तर देऊ शकतं, ते जास्त वाईट.

बजेटनंतरची चूक तर अजून गुपचूप होते. २०२४-२५ मध्ये नव्या करप्रणालीत सहा ओळी होत्या, २०२५-२६ मध्ये सात झाल्या. तक्त्यात ओळ वाढवली पण फॉर्म्युल्यात $H$7च राहिलं, तर २४ लाखांच्या वरच्यालाही २५ टक्केच लागतात. तिथे एका रुपयाची परीक्षाही चालत नाही, कारण उडी येतच नाही. २५ लाख टाकून बघा: ३,३०,००० यायला हवेत, ३,२५,००० आले तर शेवटची ओळ बाहेर राहिली आहे.

आता गंमत. टॅक्समध्ये उडी नसते म्हणालो, पण १२ लाखांवर ती खरंच आली असती. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ८७ए कलमाचं ६०,००० पर्यंतचं रिबेट टॅक्स शून्य करतं. ते रिबेट रुपयाभराने हुकलं तर सगळे साठ हजार अंगावर. थोडक्यात, डिस्काउंट शीटचाच स्वभाव. म्हणून मार्जिनल रिलीफ आहे: टॅक्स १२ लाखांवरच्या जादा कमाईपेक्षा जास्त घ्यायचा नाही. १२,१०,००० ला स्लॅबने ६१,५०० येतात, भरायचे १०,००० आणि वर सेस. वरच्या फॉर्म्युल्याचं उत्तर C2 मध्ये असेल तर सेसआधी हे लावा:

```
=IF(B2<=1200000,0,MIN(C2,B2-1200000))
```

हे निवासी माणसाच्या पगार-व्याजासारख्या साध्या उत्पन्नासाठी. शेअरचा कॅपिटल गेन किंवा ५० लाखांवरचा सरचार्ज यात बसत नाही. रिलीफ साधारण १२,७०,५८८ पर्यंत पुरतो, त्यापुढे MIN स्वतःहून स्लॅबचा आकडा उचलतं.