प्रवेशद्वाराच्या सजावटीचा टाइमलॅप्स व्हिडिओ

सणासाठी घराचे प्रवेशद्वार सजवण्याचे काही तासांचे काम एका जागी स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याने ठरावीक अवधीने फोटो टिपून अर्ध्या-एक मिनिटात दाखवणाऱ्या, प्रत्येक टप्प्यावर कॅप्शन आणि सोबत साहित्याची यादी देणाऱ्या चित्रफितीचा हा प्रकार आहे. पाहून तशीच सजावट करता यावी हा तिचा हेतू असतो आणि खरी अडचणही तेथेच असते. काम कितीही वेगाने पळवता येते, परंतु कॅप्शन वाचणाऱ्याचा वेग त्यासोबत वाढत नाही.

दोन तासांचे, म्हणजे 7200 सेकंदांचे काम दर 6 सेकंदांना एक फोटो या हिशेबाने टिपल्यास 1200 फोटो मिळतात आणि सेकंदाला 30 फ्रेम या गतीने ते 40 सेकंदांत संपतात. येथे वेळ 180 पट आकसलेला असतो. सात-आठ शब्दांचे कॅप्शन निवांत वाचायला साधारण 3 सेकंद लागतात असे धरले, तर पडद्यावरच्या या 3 सेकंदांत प्रत्यक्षातले 9 मिनिटांचे काम उरकलेले असते. त्यामुळे नऊ मिनिटांहून लहान असलेला कोणताही टप्पा त्याचे कॅप्शन वाचून होण्याआधीच निघून जातो.

या दोन तासांची विभागणी चौकट पुसणे 10 मिनिटे, चिकट हूक लावणे 5, माळ बांधणे 40, उंबऱ्यापुढे रंगीत आकृती काढणे 50 आणि दिवे लावणे 15 मिनिटे अशी असल्याचे मानू. हुकांच्या वाट्याला केवळ 50 फ्रेम, म्हणजे पावणेदोन सेकंदांहूनही कमी वेळ येतो, तर आकृतीला जवळपास 17 सेकंद मिळतात. वास्तविक हूक कुठे आणि किती अंतरावर लावले हेच पाहणाऱ्याला सर्वाधिक हवे असते. आकृतीत रंग भरताना पाहणे सुखद असले तरी त्यातून शिकण्यासारखे पहिल्या काही सेकंदांतच संपते. म्हणून संकलनात हुकांची प्रत्येक फ्रेम दोनदा वापरून तो टप्पा सव्वातीन सेकंदांचा करतात आणि आकृतीची एकाआड एक फ्रेम गाळून ती सव्वाआठ सेकंदांच्या आसपास आणतात. सर्व टप्पे एकाच वेगाने दाखवण्याचा आग्रह अशा चित्रफितीत निरर्थक आहे.

दार सजवणारी व्यक्ती बहुतेक वेळ कॅमेऱ्याकडे पाठ करूनच उभी असते, त्यामुळे पूर्ण झालेला टप्पा तिच्याआड राहतो. तो स्वच्छ दिसावा म्हणून तिने बाजूला होण्याची पद्धत आहे. मात्र पडद्यावर एक सेकंद मिळवायचा तर वरच्या हिशेबाने तीन मिनिटे बाजूला थांबावे लागेल. त्यापेक्षा दहा-बारा सेकंद बाजूला होऊन मिळालेली एखादी मोकळी फ्रेम संकलनात दोन सेकंद थांबवून धरणे आणि पुढचे कॅप्शन तिच्यावरच देणे सोयीचे ठरते. कॅप्शन खाली दिल्यास जमिनीवरची आकृती झाकली जाते, म्हणून उभ्या चित्रफितीत दाराच्या वरची भिंत त्यासाठी मोकळी ठेवतात.

प्रकाशामुळे होणारा बिघाड चित्रीकरण संपेपर्यंत लक्षात येत नाही. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश टिपायचा ते, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार रंगांची छटा जुळवणे, स्वयंचलित राहिले, तर कुणी गडद कपड्यांत समोर आले की पुढची फ्रेम उजळते आणि ते दूर झाले की काळवंडते. वेगाने पाहताना भिंत लुकलुकल्यासारखी दिसते. दोन्ही सुरुवातीलाच लॉक केल्यास हे टळते, पण काम संध्याकाळपर्यंत लांबल्यास दिव्यांचा टप्पा अंधारात बुडतो. त्यावर तो टप्पा नव्या एक्स्पोजरने वेगळा चित्रित करणे हा सोपा उपाय आहे. उघडझाप करणारी दिव्यांची माळ चित्रीकरणापुरती स्थिर प्रकाशावर ठेवावी लागते, कारण सहा सेकंदांनी टिपलेल्या फोटोंत तिच्या उघडझापीचा क्रम उरत नाही, नुसते झटके दिसतात.

साहित्याच्या यादीत ‘माळ, हूक, रंग’ एवढेच लिहिले तर तिचा उपयोग बाजारात जाईपर्यंतच टिकतो. प्रमाण दाराच्या मापाशी जोडलेले असावे लागते. 90 सेंटिमीटर रुंद आणि 210 सेंटिमीटर उंच चौकटीच्या तीन बाजू मिळून 510 सेंटिमीटर होतात. झोळ आणि गाठींसाठी थोडी वाढ धरून साडेपाच मीटर माळ लागते आणि दर 30 सेंटिमीटरला एक याप्रमाणे दोन्ही टोके धरून 18 हूक लागतात. यादीत हे अंतर आणि चौकटीचे माप दोन्ही दिल्यास वेगळ्या मापाचे दार असलेल्यालाही आपला आकडा काढता येतो. रंगासारख्या सैल वस्तूंचे प्रमाण आधी अंदाजाने न लिहिता, आणलेल्या वजनातून उरलेले वजा करून शेवटी नोंदवतात. म्हणूनच यादी पडद्यावर आरंभी दिसत असली तरी ती पूर्ण होते सजावटीनंतरच.