भक्तिपर शॉर्टमध्ये हसू कुठे ठेवावे
मंदिर समित्या, भजनी मंडळे आणि दिंडी चालक यांच्यासाठी माहितीपत्रक

कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत काकड आरती चालते आणि त्याच्या आधीचे पंधरा दिवस आमच्याकडे गावोगावच्या समित्यांचे फोन येऊ लागतात. मागणी बहुतेक एकच असते. आरतीचा छोटा व्हिडिओ करून द्या, त्यात थोडे हसवणारे काही असू द्या म्हणजे पोरे पाहतील, पण म्हाताऱ्या माणसांना लागेल असे काही नको. या दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येतात. मात्र त्यासाठी विनोद कोणता यापेक्षा तो कोणावर आहे आणि कोणत्या दृश्याला चिकटून आहे, हे आधी ठरवावे लागते. आमच्याच हातून चुकलेल्या एका शॉर्टची हकिगत सांगितली की हे लवकर लक्षात येईल. गावाचे नाव अर्थातच देत नाही.

शॉर्ट शेहेचाळीस सेकंदांचा होता. पहिल्या सहा सेकंदांत पहाटेचा अंधार, अंगणात सडा टाकणारी आजी आणि घरात वाकळ डोक्यावरून ओढून झोपलेला नातू. मग मोबाइलचा गजर वाजतो, वाकळीतून फक्त एक हात बाहेर येतो, गजर बंद करतो आणि आत जातो. "आजी, उद्यापासून पक्का येतो वं," असा आवाज येतो आणि आजी फुलांची परडी उचलत म्हणते, "तुया उद्याचा दिवस कवा उगवते रे बाप्पा?" चौदाव्या सेकंदाला मंदिरातून टाळ ऐकू येतात. नातू डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालून बोळातून पळत सुटतो. सव्विसाव्या सेकंदाला तो देवळात पोहोचतो, तेव्हा आरतीचे शेवटचे कडवे चाललेले असते. टाळ्या वाजवताना त्याचा ठेका चुकतो आणि त्याला मोठी जांभई येते. शेवटी प्रसादाचे ताट फिरू लागते, त्याचे डोळे पूर्ण उघडतात आणि सगळ्यांत पुढे त्याचाच तळहात येतो.

इतके ठीक होते. पण आमच्या संकलकाने जांभईनंतर, एकतिसाव्या सेकंदाला, विठ्ठलाच्या मुखाचे जवळून घेतलेले तीन सेकंदांचे दृश्य जोडले, त्यावर स्प्रिंग उडाल्यासारखा एक विनोदी आवाज टाकला आणि खाली ओळ लिहिली : "आला का झोपाळू?" सकाळी शॉर्ट चढवला. दुपारी मंडळातले सर्वांत जुने विणेकरी स्वतः समितीच्या अध्यक्षांच्या दारात आले. ते रागावले नव्हते, त्यांना वाईट वाटले होते. त्यांचे म्हणणे एका वाक्यात होते : "पोराले हसा, मले हसा, पन देवाच्या तोंडावर थे कायले वाजवलं?"

या वाक्यात जे आहे त्यापेक्षा वेगळे आम्ही फारसे काही सांगू शकत नाही; फक्त असे का घडले ते समजून घेतले पाहिजे. दोन दृश्ये एकमेकांना लागून आली की पाहणारा दुसऱ्याला पहिल्याचे उत्तर समजतो. जांभईला लागूनच मूर्तीचे मुख आले, म्हणून ते मुख त्या पोराकडे पाहते आहे असे वाटले. त्यावर आवाज टाकल्याने मूर्ती विनोदातले एक पात्र झाली आणि ओळ लिहिल्याने आम्ही देवाच्या तोंडी स्वतःचे शब्द घातले. या तिन्हींपैकी एकेकटी गोष्ट कदाचित कोणाला खटकली नसती. तिन्ही एका जागी आल्या तेव्हा विनोद पोरावरून घसरून मूर्तीवर गेला. पाहणाऱ्याला ते कारण सांगता येत नाही, त्याला फक्त कसेसे होते.

येथे काही ग्राहक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे, की नामदेव आणि जनाबाई देवाशी भांडतात, त्याला बोल लावतात, मग आम्हालाच मनाई का. फरक बोलणाऱ्याचा आहे. भक्त देवासमोर उभा राहून स्वतःच्या तोंडाने तक्रार करतो तेव्हा त्यात जवळीक ऐकू येते. म्हणून आजी हात जोडून "विठोबा, ह्या पोराले लवकर उठव रे बाबा" असे म्हणाली तर सगळे गाव हसेल आणि कोणाच्या कपाळावर आठी येणार नाही. तेच बोलणे उलट दिशेने, देवाकडून भक्ताकडे, पडद्यावरच्या अक्षरांत आले की ते आपण रचलेले आहे हे उघड दिसते.

दुरुस्ती अशी केली. आवाज आणि ओळ काढून टाकली. जांभईनंतर टाळ धरलेले हात दोन सेकंद आणि काकड्याची ज्योत दोन सेकंद दाखवली. मग मूर्ती पाच सेकंद, कोणताही वेगळा आवाज न घालता, मंडळाच्या गजरासह. त्यानंतर "पुंडलिक वरदे हरि विठ्ठल" हा घोष, आणि घोष संपल्यावर प्रसादाचा तळहात. शॉर्ट बावन्न सेकंदांचा झाला. हसण्याच्या जागा जवळपास तेवढ्याच राहिल्या, परंतु हसू आणि मूर्ती यांच्यामध्ये श्वास घेण्याइतके अंतर आले. तेव्हापासून आम्ही हे अंतर किमान चार सेकंद ठेवतो. हा आमचा कामापुरता नियम आहे, शास्त्र नव्हे.

हसण्यासाठी कोणाला निवडावे

वरच्या शॉर्टमध्ये झोपाळू नातू झालेला मुलगा अध्यक्षांचा स्वतःचा होता आणि ते मुद्दाम ठरवले होते. गावात ज्याला मान आहे, त्याने किंवा त्याच्या घरच्याने स्वतःवर हसू ओढवून घेतले की प्रेक्षक निर्धास्त हसतो. हाच विनोद गावातल्या गरीब घरच्या, पंगतीत दोनदा बसणाऱ्या माणसावर केला असता तर तो टोमणा झाला असता. महाप्रसादाच्या पंगतीत दुसऱ्यांदा द्रोण पुढे करणारे दृश्य हवे असेल तर ते समितीतल्या सदस्याकडून करवून घ्यावे. खऱ्या पंगतीत जेवणाऱ्याचे तोंड आम्ही विनोदासाठी टिपत नाही, मग त्याने होकार दिला असला तरी.

अंगात येणे, नवस, उपवास आणि विटाळ यांवर विनोद मागितला तर आम्ही नाही म्हणतो. एखाद्या बाईचा नवस तुम्हाला पटत असो वा नसो, चाळीस सेकंदांत तिला उत्तर द्यायची सोय नसते. दुसऱ्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसाची नक्कल, तसेच आंधळ्या पेटीवाल्याचा वा तोतऱ्या गायकाचा विनोद, हेही त्यातच आले.

पुष्कळ जण या बाबतीत गाडगेबाबांचा दाखला देतात. शेणगावात 1876 साली जन्मलेले बाबा कीर्तनात श्रोत्यांना साधे प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढत, आणि कर्ज काढून केलेले सणवार, दारू किंवा देवापुढे कापलेले बकरे यांच्यावर इतके बोचरे बोलत की लोक हसता हसता ओशाळत. पण ते गावात आले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. दिवसभर झाडताना पाहिलेल्या माणसाकडून लोक जे ऐकून घेत, ते मोबाइलच्या पडद्यावर अनोळखी आवाजात आले तर ऐकून घेत नाहीत. त्यांच्याकडून आपल्याला घेण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे विनोद सवयीवर करणे. पहाटे न उठणे, भजनाच्या मध्येच फोन वाजणे, चपला शोधण्यात आरती संपणे, देणगीची पावती फाडताना चष्मा न सापडणे या सवयी सगळ्यांच्याच आहेत.

बोलीविषयी एक वेगळी सूचना. वऱ्हाडी बोलली म्हणजे विनोद झाला, अशी समजूत पडद्यावर इतकी रुळली आहे की आपल्याच भागातले प्रेक्षक तिला कंटाळले आहेत. आजी वऱ्हाडीत बोलते कारण ती तशीच बोलते. हसू तिच्या बोलण्यातल्या हुशारीला यावे, उच्चारांना नव्हे. शिवाय आपल्याकडचा "बाप्पा" हा नुसता संबोधनाचा शब्द आहे, हे पुण्या-मुंबईकडच्या प्रेक्षकाला ठाऊक असतेच असे नाही. त्या शॉर्टखाली "आजी गणपतीला असे का म्हणते?" अशी विचारणा खरोखर आली होती. म्हणून बाहेर जाणाऱ्या शॉर्टमध्ये आम्ही खाली प्रमाण मराठीत ओळ देतो आणि तिथे "अरे बाबा" लिहितो.

चढवण्यापूर्वी आणि नंतर

तयार शॉर्ट आम्ही तीन माणसांना दाखवण्यास सांगतो : मंडळातले सर्वांत जुने भजनी, घरातली एखादी बाई, आणि गावाबाहेरचा असा कोणी ज्याला संदर्भ माहीत नाही. एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून. व्हॉट्सॲपवर फिरताना पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच पाहतात आणि अनेकदा मधला दहा सेकंदांचा तुकडाच कापून पुढे जातो. त्यामुळे विनोदाचा तुकडा एकटा पाहिला तरी तो कोणाची थट्टा वाटू नये. पाहणाऱ्याला "कसे वाटले" असे विचारू नये, कारण तो भिडेखातर चांगलेच म्हणेल. "हसू नेमके कोणावर आले" असे विचारावे. उत्तरात देव, संत किंवा गावातल्या एखाद्या खऱ्या माणसाचे नाव आले तर ती जागा बदलावी.

चढवल्यानंतर नाराजी नेहमी शब्दांत येत नाही. गावच्या गटात एरवी लगेच हात जोडणारी म्हातारी मंडळी गप्प राहिली, तर ती पहिली खूण समजावी. यूट्यूबवर प्रेक्षक कोणत्या सेकंदाला निघून गेले त्याचा आलेख चॅनेलच्या मालकाला दिसतो. विनोदाच्या नेमक्या जागी तो खाली कोसळत असेल तर विनोद नुसता फसलेला असू शकतो, पण सोबत वरची शांतताही असेल तर दुखावल्याची शक्यता जास्त. आक्षेप आल्यास शॉर्ट त्याच दिवशी खाजगी करावा, प्रतिक्रिया पुसू नयेत आणि आक्षेप घेणाऱ्याकडे समितीच्या माणसाने स्वतः जावे. एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ ठेवता येत नाही, त्यामुळे दुरुस्त शॉर्ट नव्याने चढवावा लागतो आणि जुन्यावरची दर्शकसंख्या सोडून द्यावी लागते. आमच्याकडून झालेल्या चुकीची दुरुस्ती आम्ही विनामूल्य करतो.

कायद्याविषयी विचारणा होते म्हणून इतकेच : 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 मध्ये धार्मिक भावना हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने दुखावण्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. चुकून फसलेला विनोद आणि असा हेतू यांत अंतर आहे, परंतु ते अंतर पोलीस ठाण्यात बसून समजावून सांगण्याची वेळ येऊ नये.

चित्रीकरण ठरवताना आरतीची नेमकी वेळ, गाभाऱ्यात कॅमेरा चालतो की नाही याबाबत पुजाऱ्यांचे म्हणणे, आणि हसू ज्याच्यावर यायचे आहे त्याचे नाव, या तीन गोष्टी आठ दिवस आधी कळवाव्यात. काकड आरतीसाठी आम्ही आदल्या संध्याकाळी मुक्कामाला येतो. झोपायला चटईपुरती जागा आणि पहाटे चारला एक कप चहा इतकी सोय समितीने करावी.