रिपोर्ट नॉर्मल, तरी काकू हळू का चालतात?

समजा, एकाच जिन्यावरचे दोन शेजारी आहेत. काका ७४ वर्षांचे. जुना मधुमेह, रक्तदाबाची गोळी, हृदयात एक स्टेंट. तरी मंडईतून भाजीची पिशवी भरून आणतात आणि दोन मजले चढतात. समोरच्या काकू ७८ वर्षांच्या. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं ठीक. पण वर्षभरात वजन ५२ किलोवरून ४९ वर आलंय, चाल मंदावलीय आणि बरणीचं झाकण सुनेकडून उघडून घ्यावं लागतं. घरचे म्हणतात, ‘वयच झालंय.’

आजारी आहेत ते काका. क्षीण झाल्यात त्या काकू.

आजारात एखादा अवयव किंवा यंत्रणा बिघडते आणि तो बिघाड बहुतेक वेळा तपासणीत सापडतो. क्षीणतेत, म्हणजे डॉक्टर ज्याला फ्रेल्टी म्हणतात त्यात, शरीराचं राखीव बळच आटतं. रोजचं कसंबसं निभतं, पण साध्या तापाने चार दिवस अंथरूण धरलं की काकांपेक्षा काकूंनाच पुन्हा उभं राहणं जड जातं. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि पुष्कळदा असतातच.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी क्षीणतेच्या पाच खुणा मांडल्या: प्रयत्न न करता घटलेलं वजन, सततचा थकवा, मंद चाल, कमजोर पकड आणि कमी झालेली हालचाल. तीन किंवा जास्त असतील तर क्षीणता; एक-दोन असतील तर तिची सुरुवात.

चाल घरीही मोजता येते. जमिनीवर चार मीटरच्या खुणा करा. पहिल्या खुणेच्या थोडं मागून नेहमीच्या चालीने चालायला सांगा. ‘भरभर चाला’ म्हणायचं नाही. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. काकूंना साडेसहा लागले. पकड मोजायला दवाखान्यात डायनॅमोमीटर असतो. आशियाई निकषांप्रमाणे पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड कमजोर मानतात. काकूंची १४ भरली. घटलेलं वजन धरून तीन खुणा झाल्या. पकडीचा प्रश्न फक्त मुठीचा नाही. अंगभरच्या स्नायूंच्या ताकदीचा तो सोपा अंदाज आहे.

मात्र फसगतही होते. गुडघा झिजलेला माणूस हळूच चालणार, बोटांना संधिवात असेल तर पकड ढिली पडणारच. वजन घटण्यामागे क्षयरोग, कर्करोग, उदासी किंवा नुसती न बसणारी कवळीही असू शकते, म्हणून आधी ती कारणं तपासायची. क्षीणता महिनोन्‌महिने हळूहळू येते. एकाच हाताची पकड अचानक गेली तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा मोजमाप करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

काकूंना टॉनिकच्या बाटलीचा फारसा उपयोग नाही. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, हलकी वजनं उचलणं, जेवणात डाळ, दही, अंडी वाढवणं (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारून) आणि नको असलेल्या गोळ्या डॉक्टरांकडून कमी करून घेणं, हे त्यांचे उपचार. तीन महिन्यांनी तेच चार मीटर पुन्हा चालवून पाहायचे.